एम.एस्सी. नर्सिंगसाठी हॉस्पिटल सोडताना राजीनामा कसा लिहावा?

प्रश्न: मी बेळगावात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग करून 1 जुलै 2022 ला लागले. आता कोल्हापूरला एम.एस्सी. नर्सिंगला सीट मिळालीय, फी भरलीय, 26 सप्टेंबरला ओरिजिनल घेऊन हजर व्हायचंय. नोटीस दोन महिन्यांची आहे आणि आज 10 ऑगस्ट. ओरिजिनल सर्टिफिकेटं हॉस्पिटलकडंच आहेत. इनचार्ज सिस्टर म्हणतात, "स्टाफ नाही, मॅडम सोडणार नाहीत." राजीनाम्यात काय लिहू? शिक्षणाचं कारण लिहायचं का? इंग्रजीत लिहू की कन्नडमध्ये?

उत्तर:

पत्र लिहायला बसण्याआधी तुमचं नेमणूक पत्र शोधून काढा. राजीनाम्याचा मजकूर तुमच्या मनातून यायचा नसतो, तो त्या पत्रातल्या अटींवरून यायचा असतो. वॉर्डात काम करून पुढं नर्सिंग ऑफिसच्या खुर्चीत बसले, तेव्हा समोर येणारे बहुतेक राजीनामे छान भावनिक असायचे. आभार, आठवणी, दोन ओळी घरच्या अडचणीच्या. पण शेवटचा कामाचा दिवस कोणता, हे कुठंच नसायचं. मग ती तारीख ऑफिस ठरवतं, आणि ऑफिस ती आपल्या सोयीनं ठरवतं.

नेमणूक पत्रात चार गोष्टी बघा. नोटीस किती दिवसांची. नोटीस कमी पडली तर पैसे मूळ पगारावर कापणार की एकूण पगारावर. नोटीसच्या काळात रजा घेता येते का, शिल्लक रजा नोटीसमध्ये धरतात का. आणि बाँड किती वर्षांचा. तुमची तीन वर्षं झालीत, त्यामुळं इकडं सहसा असतो तो एक-दोन वर्षांचा बाँड संपलेला असणार, पण तारीख वाचून खात्री करा. पत्राची प्रत सापडत नसेल तर आजच एचआरकडून मागून घ्या. राजीनामा दिल्यावर मागितलीत तर तीच प्रत मिळायला आठवडा जातो.

आता तुमचा हिशेब मांडू. समजा पत्र 12 ऑगस्टला आवकमध्ये पडलं. नोटीस 13 ऑगस्टपासून धरली तर दोन महिने 12 ऑक्टोबरला पुरे होतात. कॉलेजला 26 सप्टेंबरला हजर व्हायचंय. सामान हलवायला, खोली बघायला एक दिवस लागतो, म्हणून हॉस्पिटलातला शेवटचा दिवस 24 सप्टेंबर धरा. 25 सप्टेंबर ते 12 ऑक्टोबर असे 18 दिवस कमी पडतात. तुमच्या खात्यात 11 दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे आणि ती नोटीसमध्ये धरायला हॉस्पिटल तयार आहे असं समजा, म्हणजे उरले 7 दिवस. एकूण पगार 24,000 असेल तर दिवसाला 800 रुपये, सात दिवसांचे 5,600. करारात मूळ पगारावर कापायचं लिहिलं असेल आणि मूळ पगार 15,600 असेल, तर दिवसाला 520, सात दिवसांचे 3,640. तुमचे आकडे घालून हाच हिशेब कागदावर करा. "मॅडम सोडणार नाहीत" या वाक्याचा धाक इथंच निम्मा कमी होतो. प्रश्न सोडण्या-न सोडण्याचा उरत नाही, सात दिवसांच्या पगाराचा होतो.

आणि म्हणूनच दोन दिवस मोलाचे आहेत. आज-उद्या करत 20 ऑगस्टला पत्र दिलंत तर आठ दिवस आणखी कमी पडतील आणि तेही तुमच्याच पगारातून जातील.

आता मजकुराकडे. आपल्याकडं शाळेपासून रजेचा अर्ज लिहायची सवय असते, तीच राजीनाम्यात उतरते: "मला पुढील शिक्षणासाठी नोकरी सोडण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती." दिसायला नम्र आहे, पण यात तुम्ही राजीनामा दिलेलाच नाही, परवानगी मागितली आहे. त्या कागदावर ऑफिसनं "बदली स्टाफ मिळाल्यावर विचार करू" असा शेरा मारला की तुमची नोटीस सुरू झाली की नाही, यावरच वाद. नोकरी सोडणं हे तुम्ही कळवायचं असतं. नोटीस कमी करणं, रजा त्यात धरणं, कागदपत्रं वेळेआधी देणं, हे मात्र तुम्ही मागायचं असतं, कारण तिथं हॉस्पिटलच्या हातात काही आहे. कळवायचं वाक्य वेगळं ठेवा आणि मागायचं वाक्य वेगळं. दोन्ही एकाच वाक्यात घातलीत, "नोटीस कमी केल्यास मी राजीनामा देत आहे" असं लिहिलंत, तर राजीनामाच अटीवर लटकतो.

हा मसुदा घ्या. आधी मराठीत पक्का करा, मग भाषेचं बघू.

दिनांक: 12 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. वैद्यकीय संचालक,
(हॉस्पिटलचे नाव), बेळगाव

मार्फत: नर्सिंग सुपरिंटेंडंट

विषय: स्टाफ नर्स (आयसीयू) या पदाचा राजीनामा

महोदय,

मी आपल्या हॉस्पिटलमध्ये दि. 1 जुलै 2022 पासून आयसीयू विभागात पूर्णवेळ स्टाफ नर्स म्हणून काम करत आहे. माझा कर्मचारी क्रमांक ____ आणि कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक ____ आहे.

एम.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमासाठी माझा प्रवेश निश्चित झाला असून मला दि. 26 सप्टेंबर 2025 रोजी महाविद्यालयात हजर व्हायचे आहे. त्यामुळे मी वरील पदाचा राजीनामा देत आहे. माझ्या कामाचा शेवटचा दिवस 24 सप्टेंबर 2025 असेल. प्रवेशपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

नेमणूक पत्रातील अट क्र. ____ नुसार माझी नोटीस दि. 12 ऑक्टोबर 2025 रोजी पूर्ण होते. कमी पडणाऱ्या 18 दिवसांपैकी माझ्या शिल्लक अर्जित रजेचे 11 दिवस नोटीसमध्ये धरावेत, अशी विनंती आहे. उरलेल्या 7 दिवसांची रक्कम नेमणूक पत्रातील अटीप्रमाणे माझ्या अंतिम हिशेबातून वजा करण्यास माझी संमती आहे. रजा धरणे शक्य नसल्यास संपूर्ण 18 दिवसांची रक्कम त्याच अटीप्रमाणे वजा करावी.

शेवटच्या दिवसापर्यंत मी नेमून दिलेल्या सर्व पाळ्या करीन आणि विभागाचा चार्ज लेखी देईन. कार्यमुक्ती पत्र व अनुभव प्रमाणपत्र दि. 24 सप्टेंबर रोजी मिळावे, ही विनंती.

येथे आयसीयूत शिकायला मिळालेल्या कामाबद्दल मी आभारी आहे.

आपली विश्वासू,
(सही, नाव नोंदणी प्रमाणपत्रात आहे तसे, मोबाइल क्रमांक)

बस, एवढंच. एका पानात मावतं आणि मावायलाच हवं.

कारण लिहायचं का, असं विचारलंत. कायद्यानं कारण द्यावं लागतंच असं नाही, पण तुमच्या बाबतीत मी लिहीन आणि प्रवेशपत्राची प्रतही जोडीन. पलीकडच्या बाजूला बसल्यावर कळतं, की सोडून जाणारी नर्स बहुतेक वेळा दुसऱ्या हॉस्पिटलला पळतेय असंच गृहीत धरतात. 26 सप्टेंबर ही तारीख कॉलेजच्या कागदावर छापलेली दिसली की ती तुमची हौस राहत नाही. पण कारण तेवढंच, एका वाक्यात. लग्न, सासरचं गाव, रात्रपाळीचा त्रास, कमी पगार, इनचार्जशी खटके, यातलं काहीही या पत्रात येऊ देऊ नका. तक्रार असेल तर ती वेगळ्या कागदावर वेगळ्या दिवशी द्या. राजीनाम्याची प्रत तुमच्या फायलीत कायम राहते, आणि उद्या कुणी तुमच्याबद्दल विचारलं तर तीच फाइल उघडली जाते.

"शिक्षण पूर्ण करून पुन्हा इथेच सेवा करीन" हे वाक्यही बऱ्याच मुली प्रेमानं लिहितात. लिहू नका. हॉस्पिटल तुम्हाला पगारी अभ्यास रजा देतंय किंवा फी भरतंय, तर त्या वचनाचा करार होतो आणि तो नीट वाचून सही करायचा. काहीच देत नसेल तर तुम्ही तरी वचन का द्यावं? मात्र पत्र देण्याआधी एक चौकशी जरूर करा: तुमच्या संस्थेत अभ्यास रजेची सोय आहे का. काही ट्रस्टची हॉस्पिटलं आपल्याच नर्सना पुढं शिकवून शिक्षिका म्हणून परत घेतात. तसं असेल तर राजीनाम्याऐवजी रजेचा अर्ज जाईल आणि तुमची नोकरी तुटणार नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी सरकारी दवाखान्यातली कायम नर्स असेल तर तिनं हा मसुदा वापरू नये. सरकारी नोकरीत राजीनामा दिला की साधारणपणे मागची सगळी सेवा बुडते. तिथं वरिष्ठांची परवानगी घेऊन सेवेत राहून शिकायला जायचं असतं, आणि तो अर्ज कन्नडमध्ये जातो. खासगीतल्या ज्या मुलीला साडेचार वर्षं झालीत, तिनंही पाच वर्षांचा दिवस बघून शेवटची तारीख ठरवावी, कारण सलग पाच वर्षांनंतर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबानं ग्रॅच्युइटी मिळते. तुमची तीन वर्षं आहेत, तुम्हाला त्याचा विचार नको.

भाषेचं म्हणाल तर नेमणूक पत्र ज्या भाषेत आहे त्याच भाषेत राजीनामा द्या. बेळगावच्या खासगी हॉस्पिटलात ती जवळजवळ नेहमी इंग्रजी असते. वरचा मसुदा वाक्यागणिक इंग्रजीत न्या, त्यात भारी शब्द घालायला जाऊ नका. वॉर्डात आपण मराठीत बोलतो, पेशंट कन्नडमध्ये बोलतो, ओव्हर इंग्रजीत लिहितो, तसंच हे.

आता तुमची खरी अडचण: ओरिजिनल. हॉस्पिटल म्हणणार की कार्यमुक्तीनंतर देऊ. कॉलेज म्हणणार की हजर होतानाच आणा. मधल्या एका दिवसात बाबू रजेवर असला की संपलं. म्हणून याचा अर्ज राजीनाम्यात मिसळू नका, त्याच दिवशी वेगळा द्या. त्यात प्रत्येक कागद नावानिशी लिहा: दहावीचं आणि पी.यू.सी.चं गुणपत्रक, बी.एस्सी.च्या चारही वर्षांची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, जे जे दिलं असेल ते. लागताना कागद जमा केल्याची पोच मिळाली असेल तर तिची झेरॉक्स जोडा. पोच नसेल तर अर्जातच लिहा की "रुजू होताना खालील मूळ कागदपत्रे आपल्या कार्यालयात जमा केली होती." त्यावर त्यांनी आवक शिक्का मारला की निदान कागद त्यांच्याकडं आहेत हे नंतर नाकारणं जड जातं. परत घ्यायची तारीख 24 सप्टेंबर लिहू नका, 15 सप्टेंबर लिहा. नऊ दिवस हातात राहतात.

नर्सची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं आणि बाँडनं बांधून ठेवणं, या दोन्हींच्या विरोधात इंडियन नर्सिंग कौन्सिलनं भूमिका घेतलेली आहे. पण पहिल्याच अर्जात कौन्सिलचं नाव घेऊन धमकावू नका. 15 तारीख उलटली तर एक आठवणपत्र द्या, त्यात एवढंच लिहा की 26 ला प्रवेश आहे आणि कागदांअभावी प्रवेश गेला तर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी हॉस्पिटलवर राहील. ते वाक्य वाचल्यावर फाइल आपोआप वर जाते. त्यानंही हललं नाही तर बेळगावच्या कामगार खात्याच्या कार्यालयात आणि बेंगळुरूच्या राज्य नर्सिंग कौन्सिलकडं लेखी तक्रार, आणि सोबत वकिलाची नोटीस. बाँड शिल्लक असलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं: बाँडच्या रकमेचा वाद हा पैशांचा वाद आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. त्या वादापायी तुमची पदवी कपाटात ठेवायचा अधिकार कुणाला मिळत नाही.

पत्र कुणाच्या हातात द्यायचं हेही महत्त्वाचं आहे. खानापूर तालुक्यातली एक मुलगी माझ्या ओळखीची, असाच सीट लागलेली. तिनं राजीनामा इनचार्जच्या हातात दिला, इनचार्जनं "थांब, मी मॅडमशी बोलते" म्हणून तो ड्रॉवरमध्ये टाकला. इनचार्जचा हेतू वाईट नव्हता, महिन्याची ड्यूटी लावून झाली होती आणि एक नाव कमी झालं असतं तर पुन्हा सगळी लावावी लागली असती. पण पत्र आवकमध्ये आलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता, आणि ऑफिसनं नोटीस त्या तारखेपासून मोजली. कमी पडलेले दिवस तिच्या पगारातून गेले.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी इनचार्ज सिस्टरला तोंडी सांगा. आपल्या माणसाला कागदावरून कळू नये. त्याच दिवशी नर्सिंग सुपरिंटेंडंटना भेटा आणि पत्राच्या दोन प्रती न्या. एक प्रत आवक विभागात, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊन ती तुमच्याकडं. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका. संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या मेलवरून एचआरला पत्राची स्कॅन प्रत पाठवा आणि दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानं एक प्रत टाका, पोचपावती जपा. व्हॉट्सअॅपवर "मॅडम, मी रिझाइन करतेय" एवढा मेसेज टाकून कुणी राहू नये. मॅडमनी अंगठा दाखवला म्हणजे राजीनामा पोचला असं होत नाही.

आणि काहीही झालं तरी 24 तारखेच्या आधी एकदम यायचं बंद करू नका. ड्यूटी लागलेली असताना न कळवता गैरहजर राहिलात तर फायलीत "विनापरवाना गैरहजर" असा शेरा पडतो, आणि मग अनुभव प्रमाणपत्रासाठी महिनोन्‌महिने खेपा.

अनुभव प्रमाणपत्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण एम.एस्सी.साठी ते नुसतं शोभेचं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे बी.एस्सी. नर्सिंगनंतर किमान एक वर्षाचा अनुभव आणि पदवीला किमान 55 टक्के लागतात. तुमची तीन वर्षं झालीत, म्हणजे अट सहज पुरी होते, पण ती कागदावर दिसली पाहिजे. हॉस्पिटलचे तयार नमुने फार मोघम असतात: "या आमच्याकडे काम करत होत्या, त्यांची वर्तणूक चांगली होती." त्यावर कॉलेजचा तपासणारा माणूस बोट ठेवतो. प्रमाणपत्रात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हवा. काही ठिकाणी हॉस्पिटलच्या खाटांची संख्याही विचारतात, तीही घालून घ्या. खाली सही करणाऱ्याचं नाव, पद, शिक्का आणि जावक क्रमांक. सोपा उपाय म्हणजे हा मजकूर तुम्हीच टाइप करून एचआरला द्या. त्यांचं काम कमी होतं आणि ते आनंदानं लेटरहेडवर छापून देतात. शिवाय प्रवेशाच्या वेळी अडायला नको म्हणून "आजपर्यंत कार्यरत" असं एक प्रमाणपत्र ऑगस्टमध्येच घेऊन ठेवा.

आपल्या भागात प्रमाणपत्रं अडतात ती मुख्यतः नावावरून. कन्नड शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षर आणि नाव, मराठी घरात आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आणि लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव. हॉस्पिटलच्या पगारपत्रकात चौथंच काहीतरी, कारण लागताना क्लार्कनं विचारलं आणि तुम्ही तोंडी सांगितलं. नोंदणी प्रमाणपत्र समोर ठेवा आणि राजीनाम्यात, अनुभव प्रमाणपत्रात, कार्यमुक्ती पत्रात तेच नाव, त्याच स्पेलिंगनं लिहा. आडनावातला एक "डब्ल्यू" आणि "व्ही" यांचा फरकसुद्धा प्रतिज्ञापत्र करायला लावतो. पगारपत्रकावर वेगळं नाव असेल तर प्रमाणपत्रात "उर्फ" म्हणून दोन्ही नावं घालून घ्या.

कोल्हापूर दुसऱ्या राज्यात येतं. तुमची नोंदणी कर्नाटकची आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कधीपर्यंत हवी, हे कॉलेजला आत्ताच फोन करून विचारा, आणि त्यासाठी बेंगळुरूहून लागणारी पडताळणी नोटीसच्या काळातच सुरू करा. एकदा क्लिनिकल पोस्टिंग सुरू झाल्यावर बेंगळुरूची खेप काढणं अवघड आहे.

शेवटच्या आठवड्यात ना-देणी फॉर्म फिरवावा लागेल: फार्मसी, स्टोअर, सीएसएसडी, लायब्ररी, मेस, हॉस्टेल, अकाउंट्स. तो 22 तारखेला हातात घ्या, 24 ला नको, कारण एखादा सही करणारा दुपारनंतर भेटतच नाही. आयसीयूच्या चार्जमध्ये दोन गोष्टींकडं खास लक्ष द्या. पहिली, फेंटानिल आणि मॉर्फिनचा साठा. चावी देताना घेणाऱ्या सिस्टरसमोर अँप्युल मोजा, रजिस्टरमधल्या शिलकीशी जुळवा, फुटलेल्या आणि उरलेलं औषध टाकून दिलेल्या अँप्युलच्या नोंदींवर दोघींच्या सह्या आहेत ना बघा, मग खाली तारीख-वेळ घालून दोघींनी सही करा. तुम्ही गेल्यावर महिन्याभरानं एक अँप्युल कमी निघाली तर पहिलं नाव निघतं ते सोडून गेलेल्या नर्सचं. दुसरी, कॉम्प्युटरमधलं तुमचं लॉगिन. ते 24 तारखेच्या पाळीनंतर बंद करावं असा दोन ओळींचा मेल आयटीला आणि नर्सिंग ऑफिसला टाका. स्टाफ कमी असला की नव्या मुली जुन्या सिस्टरच्या लॉगिनवर औषधं नोंदवतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही कोल्हापुरात वर्गात बसलेल्या असताना बेळगावच्या पेशंटला तुमच्या नावानं इन्सुलिन दिलेलं दिसायला नको.

शेवटचा पगार अंतिम हिशेबापर्यंत थांबवून ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, तेव्हा सप्टेंबरचे पैसे वेळेवर येतीलच असं धरून हॉस्टेलची अनामत ठरवू नका. पीएफ काढायची घाई नको. पुढं शिक्षिका म्हणून किंवा दुसऱ्या हॉस्पिटलला लागाल तेव्हा तोच यूएएन चालतो आणि पेन्शनसाठीची सेवा जोडली जाते. फक्त सोडल्याची तारीख हॉस्पिटलनं तिथं भरली आहे का, ते नोव्हेंबरच्या शेवटी बघा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाल्यावर पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit हा पर्याय वापरून ती तुम्हालाच भरता येते. तिथं 24 सप्टेंबरच घाला, कार्यमुक्ती पत्रावर आहे तीच.